दोन जिभांचा कॉम्प्युटर

"मॅडम, कनेक्ट झालंय ना? आता स्क्रीनवर काय दिसतंय?"

सपोर्टचा मुलगा चांगला आहे, पण हा प्रश्न तो दर वेळी विचारतो. मला जन्मापासून काही दिसत नाही, हे त्याच्या तिकिटात लिहिलेलं असतं, माझ्या खुर्चीला पांढरी काठी टेकलेली त्याने स्वतः पाहिली आहे, तरी विचारतो. मी म्हणते, "काही दिसत नाही." तो म्हणतो, "म्हणजे काळी स्क्रीन?" आणि त्या दिशेने पुढची दहा मिनिटं जातात.

मी हिशेबाचं काम करते. पावसाळ्यात घाट बंद झाला की साताऱ्यातून पुण्याच्या ऑफिसातला कॉम्प्युटर रिमोट डेस्कटॉपने उघडायचा, असं ठरलं. डोळस माणसाला यात काही विशेष नाही. इथल्या पडद्यावर तिथला पडदा दिसला की झालं. माझी पंचाईत इथेच होते, कारण रिमोट डेस्कटॉप तिथून पाठवतो ते चित्र. त्या चित्रात एक्सेल असेल, पगारपत्रक असेल, पण माझ्या लॅपटॉपवरच्या एनव्हीडीएला, म्हणजे मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला, त्यातलं एक अक्षर कळत नाही. तो एवढंच सांगतो की एक खिडकी उघडली आहे, आणि मग मौन धरतो. एनीडेस्क घ्या, टीमव्ह्यूअर घ्या, तेही चित्रच पाठवतात. तेव्हा "दुसरं सॉफ्टवेअर टाकून बघू का" याला काही अर्थ नसतो.

मार्ग सरळ आहे: अक्षरं जिथे आहेत तिथे वाचणारा बसवायचा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए चालू करायचा आणि त्याचा आवाज इकडे आणायचा. एनव्हीडीए फुकट आहे, त्यामुळे साहेबांची मंजुरी लगेच मिळाली. आवाज मात्र आला नाही.

म्हणजे मला आला नाही. तिकडे शिपाईमामांचा फोन आला, "ताई, तुमचा कॉम्प्युटर एकटाच बडबडतोय. मघाशी साहेबांचा मूळ पगार सांगितला, आता 'स्टार स्टार स्टार' करतोय." स्टार म्हणजे माझा पासवर्ड. पासवर्डच्या रकान्यात अक्षराऐवजी स्टार म्हणायची अक्कल एनव्हीडीएला आहे. पगाराच्या बाबतीत तो असा आडपडदा ठेवत नाही. सपोर्टने पाठवलेल्या जोडणीच्या फाइलमध्ये आवाज 'रिमोट कॉम्प्युटरवरच वाजवा' असा ठेवलेला होता. फाइल नोटपॅडमध्ये उघडली की ही ओळ सापडते, आणि ती अशी हवी:

```
audiomode:i:0
```

शून्य म्हणजे आवाज माझ्याकडे, एक म्हणजे तिकडेच, दोन म्हणजे कुठेच नाही. ज्याला फाइलला हात लावायचा नाही त्याने विंडोज-आर दाबून `mstsc` लिहावं, ऑल्ट-ओ ने पर्याय उघडावेत, कंट्रोल-टॅबने 'लोकल रिसोर्सेस'वर जावं आणि रिमोट ऑडिओच्या सेटिंग्जमध्ये 'प्ले ऑन धिस कॉम्प्युटर' निवडावं. पलीकडे विंडोज सर्व्हर असेल तर हेही पुरत नाही. तिथे 'विंडोज ऑडिओ' ही सेवा बंद असली तर आधी ती सुरू करून घ्यावी लागते.

आवाज आला आणि घरात दोन जावा झाल्या. इथला एनव्हीडीए आणि तिथला एनव्हीडीए, दोघांचा आवाज एक, दोघांना बोलायचं एकाच वेळी. त्याहून वाईट म्हणजे दोघांची हाक मारायची कळ, म्हणजे 'एनव्हीडीए' कळ, एकच, इन्सर्ट. इन्सर्ट-टी दाबलं, म्हणजे 'खिडकीचं नाव सांग', की इथला ओ देतो आणि तिथला ढिम्म. त्याच्यापर्यंत कळ पोचतच नाही, वाटेतच उचलली जाते.

म्हणून मी वाटणी करून दिली. एनव्हीडीए-कंट्रोल-के ने कीबोर्डच्या सेटिंग्ज उघडतात. इथल्याला फक्त कॅप्स लॉक ठेवला आणि दोन्ही इन्सर्टच्या खुणा काढल्या; तिथल्याला फक्त इन्सर्ट. आता इन्सर्ट बिनबोभाट पुण्याला जाते. आवाजही वेगळे केले. इथे बाईचा, तिथे ईस्पीकचा नाकातून बोलणारा पुरुष. याचा फायदा कळायला वेळ लागत नाही. ऑल्ट-टॅब आणि विंडोजची कळ तिकडे जाते ती रिमोटची खिडकी पूर्ण पडद्यावर असेल तरच (निदान मूळ सेटिंग तसं आहे). खिडकी लहान झाली हे मला दिसणार कसं? मी विंडोजची कळ दाबते. 'स्टार्ट' बाई म्हणाली तर मी साताऱ्यात, पुरुष म्हणाला तर पुण्यात. खिडकी पुन्हा मोठी करायला कंट्रोल-ऑल्ट-ब्रेक. माझ्या लॅपटॉपवर ब्रेकची कळच नाही. ती काढून टाकणाऱ्याला माझा नमस्कार सांगा. मी यूएसबीचा मोठा कीबोर्ड घेतला. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट तर इथलंच विंडोज खाऊन टाकतं, त्यासाठी कंट्रोल-ऑल्ट-एन्ड.

एवढं करूनही एक दुखणं उरलंच. तिथला एनव्हीडीए बोलतो, त्याचा आवाज रेकॉर्ड केल्यासारखा नेटवरून येतो, आणि साताऱ्यात पाऊस लागला की रेंगाळत येतो. पगारपत्रकात मी खालचा बाण दाबत गेले की बोट असतं चौदाव्या ओळीवर आणि कानात अकरावी. बरं, एनव्हीडीए आकड्यामागोमाग घराचा पत्ताही सांगतो, 'सी ११', म्हणून घोळ लक्षात तरी येतो. पण मग प्रत्येक बाणानंतर थांबायचं, ऐकायचं, पुढे जायचं. पन्नास माणसांचा पगार असा तपासला तर महिना उलटतो आणि पुढचा पगार येतो.

त्यावर खरं औषध मिळालं ते एनव्हीडीएच्या पोटातच. पूर्वी 'एनव्हीडीए रिमोट' नावाचं ॲड-ऑन वेगळं बसवावं लागायचं; 2025.1 आवृत्तीपासून ती सोय आतच आहे. दोन्हीकडे एनव्हीडीए चालू हवा, दोन्हीकडे एकच किल्ली-शब्द टाकायचा, एकीकडे 'मला चालवू द्या', दुसरीकडे 'मी चालवते'. मग एनव्हीडीए-ऑल्ट-टॅब दाबलं की कीबोर्ड पुण्याचा, पुन्हा दाबलं की साताऱ्याचा. गंमत अशी की यात आवाज येतच नाही, शब्द येतात. 'सी १४' ही एवढीच अक्षरं तारेवरून येतात आणि ती बोलते माझ्या लॅपटॉपवरचीच बाई, माझ्याच वेगाने. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरसुद्धा बोट आणि कान बरोबर चालतात. त्या कॉम्प्युटरवरचा व्हिडिओ वगैरे ऐकू येत नाही, त्याला रिमोट डेस्कटॉपच लागतो. पण पगारपत्रकात गाणी नसतात. किल्ली-शब्द मात्र पासवर्डसारखा जपायचा, तो ज्याच्या हाती त्याच्या हाती कॉम्प्युटर.

एकच जागा उरली होती. विंडोज जेव्हा 'बदल करू देऊ का' विचारतं, तेव्हा सगळं चिडीचूप व्हायचं. कारण सपोर्टने एनव्हीडीए पेनड्राइव्हवरचा, पोर्टेबल दिला होता, आणि पोर्टेबलला त्या सुरक्षित पडद्यावर प्रवेश नाही. रीतसर इन्स्टॉल केला, 'साइन-इनच्या वेळी एनव्हीडीए वापरा'वर खूण केली, आणि तो पडदाही बोलू लागला.

हे इन्स्टॉल करायला तोच मुलगा माझ्या सेशनमध्ये आला होता. इन्स्टॉल झाल्यावर करून बघायला परवानगीची खिडकी आणली, बाई तिच्या नेहमीच्या वेगात बोलली, मी ऑल्ट-वाय दाबून मोकळी झाले.

"मॅडम, थांबा, मी वाचतोय अजून!" तो म्हणाला. "काय म्हणाली ती?"

"काही नाही, येस दाबलं. पुढचं विचार."

"हो... बरं, आता स्क्रीनवर काय दिसतंय?"