बँकेत आलेले १६,८१३.४० नक्की कशाचे?

दर सोमवारी तेच. शुक्रवारी साड्या विकल्या १८,५०० च्या, बँकेत पडले १६,८१३.४०, आणि पासबुकात एकच ओळ, ऑनलाइन पैसे घेणाऱ्या पेमेंट गेटवेचं नाव आणि बँक व्यवहाराचा यूटीआर नंबर, बाकी तुम्ही शोधत बसा! मग पोर्टलवरून सेटलमेंटची फाईल उतरवायची, तोच यूटीआर शोधायचा, तेव्हा कळतं की २ टक्के फी ३७०, त्यावर १८ टक्के जीएसटी ६६.६०, आणि उरलेले १,२५० गेले कुठे तर दहा दिवसांपूर्वीच्या ऑर्डरचा रिफंड, जिचा शुक्रवारशी काडीचाही संबंध नाही, पण कापला शुक्रवारच्या पैशातून. आणि वर त्या रद्द ऑर्डरवर तेव्हा घेतलेली २९.५० फी परत नाहीच, म्हणजे साडीही परत आली आणि भुर्दंडही मलाच.

आमचे अकाउंटवाले काका म्हणतात, "अहो ताई, जे आलं तेच विक्री म्हणून टाका ना." काका, असं कसं? विक्री १८,५०० चीच दाखवायची, फी खर्चात, ६६.६० चं जीएसटी क्रेडिट गेटवेच्या बिलावर मिळतं ते वेगळं, रिफंडची क्रेडिट नोट वेगळी. नेट टाकलं की जीएसटी रिटर्नमध्ये विक्री कमी दिसते आणि रिफंड कुठला होता हे मार्चमध्ये कुणालाच आठवत नाही, मलाही नाही.

आता हिशोबाच्या वहीत मधे एक गेटवेचं खातंच उघडलंय, सगळं आधी तिथे जातं, आणि ते शून्य झालं नाही की समजायचं काहीतरी राहिलंय. आज २९.५० वर अडकलंय. चहा गार झालाय.