एका चुकीच्या खात्यामुळे अख्खं दूध बिल अडकलं: तक्रारीला आमचं उत्तर

★☆☆☆☆ "३८६ उत्पादकांचं दहा दिवसांचं बिल टाकलं. एकाच खात्याचा आयएफएससी कोड चुकला तर सगळं काम थांबलं. ती ओळ काढून फाइल परत टाकली, तर एका उत्पादकाला दोनदा पैसे गेले आणि एकाला गेलेच नाहीत. वर तुमचा रिपोर्ट म्हणतो ३८५ यशस्वी. असलं सॉफ्टवेअर कशाला घ्यायचं?"

नमस्कार सचिवसाहेब,

चूक आमचीच आहे. ती कुठे झाली ते इथेच सविस्तर लिहितो, कारण दुसऱ्या संस्थांच्या सचिवांनाही हे माहीत असायला हवं.

तुमच्या फाइलमधली ११८वी ओळ अडली. त्या खात्याचा कोड SYNB ने सुरू होणारा, म्हणजे सिंडिकेट बँकेचा होता. ती बँक एप्रिल २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली आणि तिचे जुने कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाले. दिसायला कोड बरोबर होता: अकरा अक्षरं, पहिली चार इंग्रजी, पाचव्या जागी शून्य. त्यामुळे फाइल उघडतानाच्या तपासणीत तो पास झाला आणि चालू कोडच्या यादीशी पडताळताना, म्हणजे ऐन पैसे सोडायच्या वेळी अडकला. तिथे आमच्या प्रोग्रामने ती एक ओळ बाजूला न ठेवता सगळं काम थांबवलं. ही पहिली चूक.

दुसरी जास्त महागाची आहे. सॉफ्टवेअर एकामागोमाग एक ओळ पाठवत नाही, एका वेळी दहा ओळी बँकेकडे सोडतं. ११८वी अडली तेव्हा ११९ ते १२७ या नऊ ओळी वाटेत होत्या, आणि त्या पोचल्या. म्हणजे काम थांबलं तेव्हा १ ते ११७ आणि ११९ ते १२७ अशा १२६ जणांचे पैसे गेलेले होते. स्क्रीनवर मात्र तुम्हाला एवढंच दिसलं, "बिल अपूर्ण". तुम्ही चुकीची ओळ काढून फाइल परत टाकलीत. तुमच्या जागी कोणीही हेच केलं असतं.

एकाच उत्पादकाला दोनदा पैसे जाऊ नयेत म्हणून प्रत्येक ओळीला एक संदर्भ क्रमांक लागतो. तोच क्रमांक परत आला तर बँक पैसे सोडत नाही. आम्ही तो क्रमांक बिलाची तारीख आणि ओळीचा नंबर जोडून बनवत होतो, आणि घोळ इथेच झाला. एक ओळ काढल्याबरोबर खालच्या सगळ्या ओळी एकेक घर वर सरकल्या. आधी ११९व्या ओळीवर असलेला उत्पादक ११८वर आला. ११८ हा क्रमांक बँकेकडे कधी गेलाच नव्हता, म्हणून त्याचे ₹६,८४० दुसऱ्यांदा गेले. आधी १२८व्या ओळीवर असलेला उत्पादक १२७वर आला. १२७ क्रमांक वापरून झालेला होता, म्हणून बँकेने पैसे सोडले नाहीत आणि आमच्या प्रोग्रामने "आधीच दिले" असं समजून त्याच्यापुढे यशस्वी लिहिलं. त्याचे ₹४,२१५ राहिले. मधल्या आठ जणांचे पैसे आधीच गेलेले होते, म्हणून त्यांचं काही बिघडलं नाही.

रिपोर्ट का फसला तेही बघा. पहिल्या वेळी १२६ व्यवहार झाले, दुसऱ्या वेळी २५९. बेरीज बरोबर ३८५, म्हणजे संख्या तंतोतंत जुळली. जुळली नाही ती रक्कम: बँकेतून बिलापेक्षा ₹२,६२५ जास्त गेले, म्हणजे ६,८४० वजा ४,२१५. म्हणूनच नुसत्या संख्येवर विसंबू नका. संस्थेच्या खात्यातून गेलेली एकूण रक्कम आणि पाठवलेल्या बिलांची बेरीज रुपयाला रुपया जुळते का, हे दर दहा दिवसांनी बघा.

आता संदर्भ क्रमांक बिलाची मुदत आणि उत्पादकाचा कोड नंबर यांवरून बनतो. ओळ वर गेली, खाली गेली, काढली, तरी त्या उत्पादकाचा क्रमांक तोच राहतो. पैसे गेले नाहीत हे बँकेने पक्कं कळवलं, तरच दुरुस्तीनंतर त्याच्या शेवटी -2 लागतो.

पैसे पाठवायचा भागही बदललाय. त्याचा गाभा एवढाच:

```python
for row in rows:
    try:
        pay(row)
        mark(row, "SENT")
    except RowError as e:
        mark(row, "FAILED", e.code)
    except Timeout:
        mark(row, "UNKNOWN")
```

प्रत्येक `mark` लगेच डेटाबेसमध्ये पक्का होतो, शेवटी एकदम नाही. मध्येच वीज गेली तरी तोवरची नोंद राहते. तुमच्या ११८व्या ओळीसारखी चूक आता `FAILED` होऊन बाजूला पडते आणि ११९वी पुढे जाते.

यात तिसरी अवस्था सगळ्यात नाजूक. बँकेकडून वेळेत उत्तर आलं नाही, तर पैसे गेलेही असतील किंवा नसतीलही. अशी ओळ फसली असं धरून परत पाठवली की दोनदा पैसे जायची वाट मोकळी झाली. म्हणून `UNKNOWN` ओळीची स्थिती आधी बँकेला त्याच संदर्भ क्रमांकाने विचारली जाते, आणि उत्तर येईपर्यंत तिच्यापुढचं परत पाठवायचं बटण बंद असतं.

आणि सगळ्याच चुका गिळायच्या नसतात. संस्थेच्या खात्यात शिल्लक कमी पडली किंवा बँकेचं लॉगिन संपलं, तर ती एका उत्पादकाची चूक नव्हे. तिथे पुढे रेटत राहिलं तर ३८६ लाल ओळी मिळतील, दुसरं काही नाही. वरच्या कोडमध्ये अशी चूक मुद्दाम पकडलेली नाही, त्यामुळे काम तिथेच थांबतं. सलग दहा ओळी फसल्या तरी थांबतं, ती मोजणी मात्र वरच्या तुकड्यात दाखवलेली नाही.

दोन गोष्टी मात्र आमच्या हातात नाहीत. खाते क्रमांक चुकीचा पण दुसऱ्या कोणाचा तरी चालू असेल, तर कोणतीही ओळ लाल होणार नाही, कारण एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावर जमा होतात. आणि `SENT` म्हणजे बँकेने घेतलं एवढंच. बंद खात्यावरचे पैसे नंतर परत येतात, तेव्हा ती ओळ `RETURNED` होते. म्हणून बिल पाठवल्यावर त्या संध्याकाळी यादी पुन्हा एकदा उघडून बघा.

जाता जाता एक्सेलबद्दल. सोळा आकडी खाते क्रमांक साध्या रकान्यात टाकला तर एक्सेल पहिले पंधरा आकडे ठेवतं आणि शेवटच्या जागी शून्य करतं. सुरुवातीचं शून्यही उडवतं. खात्याचा रकाना आधी टेक्स्ट करा, मग आकडे भरा.

तुमच्या या बिलापुरतं: फाइल आता तिसऱ्यांदा टाकू नका. "फक्त राहिलेले" या यादीत दोनच नावं दिसतील, ११८ आणि १२८. ११८चा कॅनरा बँकेचा नवा कोड पासबुकावरून भरा आणि दोन्ही पाठवा. जास्तीचे ₹६,८४० आम्हाला परत खेचता येत नाहीत. उत्पादकाची संमती घेऊन पुढच्या बिलात पशुखाद्याच्या कपातीसारखे वळते करून घ्या. त्यासाठी "जादा अदा" असं वेगळं कपातीचं खातं दिलंय, म्हणजे ऑडिटला ते उचलीत मिसळणार नाही.