दर लिही, आणि दर कशाचा तेही

‘मावशी, नोव्हेंबरचे स्लॉट उघडतेय. कॅप्शनमध्ये दर लिहू, की “दरासाठी मेसेज करा” एवढंच? घरात यावरून रण पेटलंय.’ – सई, नाशिक

लिही. आणि त्या दरात काय काय येतं, तेही त्याच ओळीत लिही. सई फ्रीलान्स डिझायनर आहे, महिन्यात जेवढी कामं घेता येतील तेवढ्या जागा, म्हणजे स्लॉट, ती इन्स्टाग्रामवर जाहीर करते.

हे रण माझ्या भावाने, म्हणजे सईच्या मामाने पेटवलंय. त्याचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. त्याचं म्हणणं, आकडा दिसला की गिऱ्हाईक पळतं. आधी बोलतं करायचं, आकडा मागाहून. मला याचा राग येतो. आकडा लपवून बोलतं केलेलं गिऱ्हाईक शेवटी घासाघीसच करतं, आणि तोवर सईचे दोन-तीन तास फुकट गेलेले असतात. हॅम्बुर्गमध्ये मीही डिझायनर आहे. मी आंगेबोट, म्हणजे काम आणि दर लिहिलेला प्रस्ताव, पाठवते, सही येते, अर्धी रक्कम येते, मग मी पेन्सिल उचलते. आमच्या घरात ही गोष्ट कुणाला पटवून देता येत नाही, आणि पटवताना माझा आवाज चढतो. ‘तुझं जर्मनीचं ठेव तिकडेच’ असं दादा म्हणतो. इथेही बरेच डिझायनर वेबसाइटवर दर छापत नाहीत, हे खरं. पण इथलं गिऱ्हाईक लेखी आंगेबोटची वाट पाहतं. सईचं गिऱ्हाईक इन्स्टाग्रामवरून येतं आणि पहिला मेसेज ‘लोगो का कितना?’ असा असतो. तिची आंगेबोट म्हणजे ती कॅप्शनच.

दर ठरवायचा कसा, हे मात्र घरात कुणीच विचारलं नाही. सईचं भाडं, सॉफ्टवेअर, इंटरनेट आणि पोटपाणी मिळून महिन्याला 45,000 लागतात. फोन, हिशेब, वसुली वजा जाता पैसे मिळवून देणारे तास महिन्याला 90 उरतात. म्हणजे तासाला 500 रुपये. एका लोगोला 6 तास गिऱ्हाइकाशी बोलण्यात आणि आजूबाजूच्या पाट्या बघण्यात, 14 तास कच्च्या आराखड्यांत, 8 तास बदलांच्या दोन फेऱ्यांत आणि 8 तास शेवटच्या फाइली तयार करण्यात जातात. 36 तास, 18,000 रुपये. सईने कॅप्शनच्या कच्च्या खर्ड्यात लोगोचे चार स्लॉट लिहिले होते. ते 144 तास होतात. त्यातला चौथा माणूस डिसेंबरमध्ये तिच्या दारात भांडायला येणार, हे ठरलेलं. लोगोचे दोन आणि 14 तासांच्या सोशल पोस्टसंचाचा एक, एवढेच 90 तासांत बसतात. त्यातून 43,000 येतात, म्हणजे खर्चाला 2,000 कमीच. ते जास्तीच्या फेऱ्यांतून भरून निघतील, म्हणून दरापुढे ‘पासून’ लिहायचं आणि तिसऱ्या फेरीचे पैसे वेगळे, हेही सांगायचं.

जाधवकाकांचा नाशकात ऑफसेट प्रेस आहे. या वादात शहाणपणाने बोलणारे ते एकटे. ते म्हणाले, ‘दर राहू दे. ब्रीफमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकाकडून कामाची माहिती घेताना, पहिलं विचार, छापणार कुठे आणि किती प्रती. माझ्याकडे पोरं स्क्रीनवरचा झगझगीत निळा घेऊन येतात, छपाईच्या चार शायांत, सीएमवायकेमध्ये, तो जांभळट उतरतो, मग भांडण माझ्याशी. आणि ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग, 3 मिलिमीटर नसला की कटिंगला पांढरी कड दिसते.’ जुना लोगो व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आला तर फ्लेक्सला उपयोगाचा नाही, मूळ फाइलच मागवायची, हेही त्यांचंच. अशी एक ओळ ब्रीफमध्ये असली की पुढचे चार फोन वाचतात.

सईच्या आत्याने सगळं वाचून विचारलं, ‘आमच्या मुंजीची पत्रिका एका स्लॉटमध्ये बसवशील ना?’ त्यांना तो डॉक्टरच्या वेळेसारखा अर्ध्या तासाचा स्लॉट वाटला. पण त्यांच्यामुळेच एक गोष्ट लक्षात आली. कोणतं काम घेणार नाही, तेही लिहायला हवं.

दादा हक्कांवरही अडून बसला. ‘पैसे मोजले की लोगो आपला.’ नोकरीवर ठेवलेल्या डिझायनरबाबत हे बहुतांशी बरोबर. फ्रीलान्सरचं तसं नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क लेखी सोपवावे लागतात, आणि मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दादाला हे ऐकून धक्का बसला आणि तो म्हणाला, ‘मग माझी पाटी पाच वर्षांनी उतरवायची?’ त्याची भीती रास्त आहे. म्हणून पूर्ण रक्कम मिळाल्यावर कायमच्या मुदतीचे, जगभरासाठीचे हक्क लेखी द्यायचे. इथे जर्मनीत मूळ हक्क देताच येत नाही, फक्त वापराचा देता येतो, आणि त्याची किंमत वेगळी लागते. वापराच्या हक्काचे पैसे वेगळे घेणं सईने उचलावं असं मला वाटतं. दादाला अजिबात वाटत नाही. सईचं काही ठरलेलं नाही.

इन्स्टाग्रामवर कॅप्शनच्या पहिल्या दोनेक ओळीच दिसतात, बाकी दाबल्यावर उघडतं. म्हणून महिना, स्लॉट आणि काम वरच हवं. आम्ही दोघींनी मिळून हे लिहिलं:

‘नोव्हेंबर: 2 लोगो, 1 पोस्टसंच. स्लॉट भरले की पुढचे जानेवारीत.
लोगो 18,000 पासून: तीन आराखडे, बदलांच्या दोन फेऱ्या, छपाई आणि स्क्रीनच्या फाइली.
सोशल पोस्टचा संच (8) 7,000 पासून.
पत्रिका आणि “उद्या हवंय” अशी कामं या महिन्यात घेत नाही.
अर्धी रक्कम आगाऊ, त्यानंतरच स्लॉट पक्का. तिसऱ्या फेरीपासून 500 रुपये तास.
ब्रीफ मेलवर पाठवा: धंदा काय, गिऱ्हाईक कोण, कुठे छापणार, कधी हवंय, अंदाजे बजेट, आवडलेली दोन कामं आणि का आवडली. मराठी मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून द्या, फोटो नको.’

शेवटच्या ओळीसाठी मी हट्ट धरला. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की निव्वळ कचरा दिसतो. फोटोवरून पुन्हा टाइप केला की चूक डिझायनरच्या माथी. युनिकोड असूनही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीची जुळणी चालू नसेल तर ‘कार्यक्रम’मधला रफार सुटून भलतीकडे बसतो. भाषा मराठी निवडली नाही तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. फॉन्टमध्ये मराठी रूपं असतील तर भाषा बदलली की तेही सुधारतात. गिऱ्हाइकाला यातलं काही सांगता येत नाही, फक्त ‘काहीतरी खटकतंय’ एवढं म्हणतात.

हे सगळं सईला सांगताना मी किती भरभरून बोलत होते, ते मला फोन ठेवल्यावर कळलं. इथे माझी कामं चांगली आहेत, पैसे वेळेवर येतात, गिऱ्हाईक अदबीने बोलतात. पण इथे देवनागरीची एक ओळही कुणी माझ्याकडून पैसे देऊन करून घेत नाही, आणि माझा ‘ल’ चुकला तर ओळखणारं इथे कुणी नाही. सईच्या कॅप्शनखाली भांडणारी माणसं मला चिडवतात. तरीही मराठी पाटी वाचणारी माणसं तीच आहेत. दादाशी मी इतका वाद घालते, त्यामागे हेही असणार.

पहिली चौकशी एका मिठाईच्या दुकानाची आली आहे. त्यांना पाटी मराठीत हवीय, बजेट 12,000. सईने आराखडे तीनऐवजी एक आणि फेरी एकच, असं कळवलं आहे, तासाचा दर तोच ठेवून तास कमी केले. पाटीवरची अक्षरं मी काढली तर चालेल का, असं मी तिला विचारलंय. अजून तिचं उत्तर आलेलं नाही.