प्रथम क्रमांक विभागून

पतसंस्थेत दिवसभर इतरांच्या खात्यांचे हिशेब जुळवून झाले, की संध्याकाळी मी राजारामपुरीत कॉम्प्युटरच्या वर्गाला जातो. वर्गातली पोरं मला काका म्हणतात. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या आहेत, पण मला त्यांचा धाक आहे. या वयात शिकायला बसलेल्या माणसाबद्दल शिकवणाऱ्यांच्या मनात एक शंका असतेच: हा गृहस्थ घरचं लग्न, कंबरदुखी आणि मार्चएंड अशी कारणं घेऊनच आलाय. त्यामुळे मी साधं "मॅडम" म्हणून हात वर केला, तरी त्यांच्या चेहऱ्यावर आधीच "नाही, मुदत वाढणार नाही" असं उमटतं.

अशात डेटाबेसची असाइनमेंट आली. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत द्यायची होती. त्यातला चौथा प्रश्न असा: निकालाच्या टेबलमधून दुसऱ्या क्रमांकाचे गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव काढा. एक ओळ. सोबत नमुन्याला पाच विद्यार्थी, पाचांचे गुण वेगवेगळे. उतरत्या क्रमाने लावायचं, पहिला सोडायचा, पुढचा उचलायचा. वर्गातल्या पोरांनी चहा गार व्हायच्या आत हे लिहून टाकलं:

```sql
SELECT name, marks FROM result
ORDER BY marks DESC
LIMIT 1 OFFSET 1;
```

मीही लिहिलं. पण पतसंस्थेतल्या माणसाला उत्तर पहिल्या झटक्यात जुळलं की झोप लागत नाही. म्हणून नमुन्यात मी एक खोडी केली. बाळूचे ९० गुण बदलून आशाच्या बरोबरीने ९२ केले. छायाचे ८८ होतेच. आता दुसरा कोण? वरच्या क्वेरीने ९२ गुणांचंच एक नाव दिलं. म्हणजे बरोबरीने पहिल्या आलेल्या दोघांपैकी एकाला तिने गुपचूप दुसऱ्या पाटावर बसवलं. तेही कोणाला बसवायचं हे तिच्या मर्जीवर, कारण सारख्या गुणांच्या ओळींत आधी कोण, हे आपण सांगितलेलंच नसतं. मग मी "सर्वांत जास्त गुणांपेक्षा कमी असलेल्यांतले सर्वांत जास्त" असं लिहून पाहिलं:

```sql
SELECT name, marks FROM result
WHERE marks = (SELECT MAX(marks) FROM result
  WHERE marks < (SELECT MAX(marks) FROM result));
```

आता छाया आली. बरं वाटलं. पण मग `RANK()` वापरून पाहायची दुर्बुद्धी झाली. त्याने दोघांना १ दिला आणि छायाला थेट ३. दुसरा क्रमांक मागितल्यावर स्क्रीनवर आलं `Empty set`. म्हणजे कोणीच नाही! `DENSE_RANK()` मात्र १, १, २ असे क्रमांक देतं, तिथे छाया परत दुसरी.

हा घोळ कॉम्प्युटरचा नाही, आपलाच आहे. आमच्या पेठेतल्या रांगोळी स्पर्धेत "प्रथम क्रमांक विभागून" जाहीर झाला, की पुढचं बक्षीस दुसरं म्हणायचं की तिसरं, यावरून मांडवात तासभर वाद चालतो आणि शेवटी ज्याने ढाल दिली त्याचं म्हणणं खरं ठरतं. इथे ढाल मॅडमच्या हातात होती. म्हणजे मॅडमना विचारणं आलं.

शेजारच्या बाकावरचा अवधूत म्हणाला, "काका, कशाला डोक्याला ताप? नमुन्यात बरोबरी न्हाई, सोडा की."

नमुन्यात नाही, हे खरंच. पण तपासताना मॅडम दुसरं टेबल लावतात, हे मागच्या असाइनमेंटला सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या टेबलात बरोबरी असली तर?

मंगळवारी रात्री मी मोबाइल घेऊन बसलो. पहिला मसुदा: "मॅडम, चौथा प्रश्न नीट कळला नाही." वाचून पाहिलं. याचा सरळ अर्थ, कागद उघडलेला नाही, तुम्हीच उत्तर सांगा. पुसला. दुसरा मसुदा: "मॅडम, चौथ्या प्रश्नात त्रुटी आहे." हा तर आमच्या ऑडिटरचा सूर झाला, आणि ऑडिटरला आम्ही संस्थेत कसा चहा देतो ते मला माहीत आहे. पुसला. तिसऱ्यात नम्रतेचा इतका पूर आला की मुद्दा पंचगंगेला मिळाला.

मग बायकोने विचारलं, "तुम्हाला त्यांच्याकडून नेमकं काय पाहिजे?" मी म्हटलं, "एक शब्द. आशा-बाळूपैकी कोणी, की छाया." ती म्हणाली, "मग तेवढंच विचारा. बाकीचं करून दाखवा."

शेवटी गेलेला मजकूर असा होता: "मॅडम, प्रश्न ४ सोडवला आहे. दोघांना ९२ आणि एकीला ८८ गुण असतील तर एका पद्धतीने ९२ वाला येतो, दुसरीने ८८ वाली. दोन्ही क्वेऱ्या आणि त्यांचे आउटपुट खाली जोडले आहेत. आपल्याला कोणता अर्थ अपेक्षित आहे? तोपर्यंत मी ८८ धरून पुढे जातो आणि तसं उत्तरावर लिहून ठेवतो."

यात मी मुदतीचं नावही काढलं नव्हतं. मुदत हा शब्द आला की आधीची सगळी वाक्यं त्याची प्रस्तावना वाटू लागतात. शिवाय मंगळवारी विचारलेली शंका ही शंका असते. तीच गुरुवारी रात्री साडेअकराला विचारली की तो अर्ज होतो. आणि शेवटचं वाक्य तर मी फार जपून घातलं होतं. उत्तर आलं नाही तरी माझं काम अडलेलं नाही, हे त्यात होतं. काम टाळणारा माणूस "उत्तर येईपर्यंत थांबतो" म्हणतो आणि खरंच थांबतो. `RANK()` आणि `Empty set`चं प्रकरण मात्र मी गाळलं. एका शंकेत तीन शंका कोंबल्या की समोरचा सोपी बघून तेवढीच सोडवतो.

बुधवारी दुपारपर्यंत उत्तर नाही. मी पासबुकं छापत होतो आणि दर दोन पासबुकांमागे मोबाइल बघत होतो. एका आजींनी विचारलं, "पोरगं परीक्षेला बसलंय व्हय?" मी म्हटलं, "नाही आजी, मीच."

चारच्या सुमाराला उत्तर आलं. मला एकट्याला नाही, वर्गाच्या ग्रुपवर. "प्रश्न ४ मध्ये बरोबरीचा उल्लेख राहिला होता. एका विद्यार्थ्याने चांगली शंका विचारली आहे. आता सर्वांनी दोन्ही क्वेऱ्या लिहाव्यात, `RANK` आणि `DENSE_RANK` यांचे आउटपुट जोडावेत आणि फरक का पडतो ते चार ओळींत लिहावं. मुदत तीच."

मॅडमनी नाव घेतलं नव्हतं. पण मोबाइलवर बोलणाऱ्या पोरांच्या वर्गात "विद्यार्थी" या शब्दात बसणारा आणि रांगोळी स्पर्धेसारखा विचार करणारा माणूस एकच होता. अवधूतचा फोन आला.

"काका, एका ओळीचा प्रश्न होता ओ! दोन मिनिटांचा!"

"अरे, पण उत्तर चुकलं असतं."

"सगळ्यांचं एकदम चुकलं असतं की! मग मॅडमनीच मार्क वाटले असते."

त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, म्हणून मी गप्प राहिलो. त्या संध्याकाळी वर्गात माझ्या बाकाशेजारची खुर्ची रिकामी होती. सुट्टीत चारजण एकदम आले. मिसळ माझ्याकडून, हे आधीच ठरलेलं होतं. त्यांना माझ्याकडून आणखी एक वचन हवं होतं.

"काका, सातव्या प्रश्नात 'अलीकडचे व्यवहार' म्हटलंय. अलीकडचे म्हणजे किती दिवसांचे, ते दिलेलं न्हाई."

"हो, मी पाहिलंय," मी म्हटलं.

"बघितलंय न्हवं? बास. आता मॅडमना काय विचारायचं न्हाई. तुमची शंका आम्हाला सांगा, आम्ही चौघं मिळून निरसन करतो."