सत्तरीनंतरच्या मृत्यूची किंमत शून्य?

"भारतीयांचे सरासरी आयुर्मान ७० वर्षे. कोरोनाने नेले ते सत्तरीपुढचे म्हातारे. म्हणजे गमावलेली आयुष्यवर्षे शून्य! हे आम्ही नाही, वैज्ञानिक मोजमाप सांगते. शिवाय ते सगळे आधीच आजारी होते. म्हाताऱ्यांच्या लशींवर पैसा उधळणे थांबवा."

हा मजकूर वाचून माझ्या शहात्तर वर्षांच्या आत्याने फ्लूची लस घेण्याचे रद्द केले. "मी तर आता वरकड आयुष्य जगते आहे," असे तिचे म्हणणे. म्हणून हे उत्तर.

यातली मूळ चूक जन्मवेळच्या आयुर्मानाची आहे. समजा, एका गावात शंभर मुले जन्मली, त्यांतली दहा वर्षभराच्या आतच दगावली आणि उरलेली नव्वद बरोबर ७८ वर्षे जगली. या गावाचे सरासरी आयुर्मान सुमारे ७० निघेल, पण सत्तराव्या वर्षी तिथे एकही माणूस मेलेला नसेल. ती सरासरी खाली ओढली ती दहा अर्भकांनी. ७२व्या वर्षी साथीत मेलेल्या माणसाची सहा वर्षे गेली, मग तो 'सरासरीच्या पुढे' गेलेला असला तरी. म्हणूनच जीवनसारणीत प्रत्येक वयासाठी शिल्लक आयुर्मान वेगळे दिलेले असते. भारताच्या नमुना नोंदणी पद्धतीच्या सारण्यांनुसार, महासाथीच्या आधीच्या वर्षांत जन्मवेळचे आयुर्मान सुमारे ६९ होते, पण साठीला पोहोचलेल्या माणसाला सरासरीने आणखी सुमारे १८ वर्षे मिळत होती, म्हणजे तो अठ्ठ्याहत्तरीपर्यंत जाणार होता. सत्तरी गाठलेल्याचे शिल्लक आयुर्मान अर्थातच शून्य नसते. ते कोणत्याच वयात शून्य नसते.

ही चूक नवी नाही. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ मेरी डेम्प्सी यांनी १९४७ मध्ये क्षयरोगाच्या मृत्यूंना हृदयविकार आणि कर्करोगाच्या मृत्यूंशेजारी ठेवताना जन्मवेळच्या आयुर्मानातून मृताचे वय वजा करून गमावलेली वर्षे मोजली, कारण क्षय तरुणांना मारत होता आणि नुसत्या मृत्युदरातून ते दिसत नव्हते. पुढच्याच वर्षी गणितज्ञ ग्रेव्हिल यांनी आक्षेप घेतला की, गमावलेली वर्षे अशा वजाबाकीने न काढता त्या-त्या वयाच्या शिल्लक आयुर्मानावरून मोजायला हवीत, नाहीतर म्हातारपणीच्या आजारांचे नुकसान कमी दिसते. इतक्या जुन्या आक्षेपाची गंधवार्ता नसलेले लोक 'वैज्ञानिक मोजमापा'ची साक्ष काढतात, याचा मला राग येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनीही सहकाऱ्यांना व्हॉट्सॲपवर हाच तर्क लिहिला होता, की कोविड मृत्यूंचे मध्यक वय आयुर्मानाहून जास्त आहे. तेव्हा आत्याला एकटीला दोष देण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. गमावलेली आयुष्यवर्षे मोजण्याचा एक प्रकार खरोखरच वयाची रेषा आखून पुढचे मृत्यू शून्य धरतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८२ पासून ६५ वर्षांची रेषा धरून आकडे छापले. पुढे ७५ची रेषाही रूढ झाली. ७० ही रेषा घेतली, तर २८व्या वर्षी गेलेल्याची ४२ वर्षे मोजली जातात, ६९व्या वर्षी गेलेल्याचे एक आणि ७१व्या वर्षी गेलेल्याचे एकही नाही. रेषा ७५वर नेली, की त्याच ७१ वर्षांच्या माणसाची चार वर्षे उगवतात. अकाली मृत्यूची कारणे शोधून त्यांचा क्रम लावण्यासाठी हे सोयीचे आहे, पण रेषा जिथे आखली तिथे नुकसान संपते असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.

"आधीच आजारी होते" हा मुद्दा अगदीच पोकळ नाही, कारण मधुमेही, हृदयरोगी यांचे शिल्लक आयुर्मान सरासरीपेक्षा कमी असते. पण ते तपासून झाले आहे. ग्लासगोच्या हॅनलन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये इटलीतील कोविड मृतांची वये आणि जुने आजार घेऊन हिशेब मांडला. निव्वळ वय धरले तेव्हा प्रत्येक मृत्यूमागे पुरुषांची सुमारे १४ आणि स्त्रियांची सुमारे १२ वर्षे गेली असे निघाले. जुने आजार हिशेबात घेतल्यावर आकडे उतरले, पण पुरुषांसाठी ११ आणि स्त्रियांसाठी ९ वर्षांच्या वरच राहिले. आजार किती बळावलेला होता हे त्यांना मोजता आले नव्हते, त्यामुळे खरा आकडा आणखी कमी असू शकेल. तरी तो शून्याच्या आसपास येत नाही.

आणि "नेले ते सत्तरीपुढचे" हे तर भारतापुरते सरळच खोटे आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले होते, की नोंदवलेल्या कोविड मृत्यूंपैकी ५३ टक्के साठीपुढचे आहेत. उरलेले सुमारे निम्मे साठीच्या आतले होते, आणि त्यांची वर्षे तर ७०ची रेषा आखूनही मोजावी लागतात.

लशीचा खर्च योग्य की नाही, हा वेगळा हिशेब आहे: लस किती मृत्यू टाळते आणि टाळलेल्या प्रत्येक मृत्यूमागे किती वर्षे वाचतात. त्यातला दुसरा आकडा आधीच शून्य धरला, तर लस कितीही गुणकारी असली तरी उत्तर शून्यच येणार.