पावसाचा तो शॉट: एका प्रतिक्रियेला उत्तर

फुकटची स्टॉक क्लिप आपल्या फुटेजशी जुळवण्यावरच्या माझ्या लेखाला आलेली प्रतिक्रिया अशी: ‘रंग जुळवला तरी फुकटची क्लिप उघडी पडतेच. 30 फ्रेमची क्लिप 25 च्या टाइमलाइनवर धक्के खाते, त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. शिवाय दुसरीकडचा पाऊस दाखवणं ही फसवणूक आहे. शिकवण्याआधी थोडं काम करा.’

महोदय,

शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलं नसतं, तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं. लग्नाच्या टेपा कापत होतो तेव्हापासून, म्हणजे 2008 पासून, मी एडिटिंगवर घर चालवतो आहे. मुद्दा मांडा, पण असं बोलू नका.

फ्रेमरेटचं राहिलं, हे मान्य. 30 ची क्लिप 25 वर तशीच टाकली, तर दर सहा फ्रेममागे एक गळते आणि कॅमेरा फिरताना झटके दिसतात. DaVinci Resolve च्या Clip Attributes मध्ये 25 केलं की सगळ्या फ्रेम राहतात, फक्त क्लिप थोडी संथ होते. पावसाला ते चालतं, चालणाऱ्या माणसाला नाही.

आता ‘उघडी पडतेच’ याबद्दल. गुऱ्हाळावरच्या माझ्या माहितीपटात शेतकरी अवकाळी पावसानं चिपाडं भिजल्याचं सांगतो. त्याच्या बोलण्यात दोन ठिकाणी कट होता आणि झाकायला पावसाचा एकही शॉट नव्हता. मी स्टॉकमधून लांब, अरुंद पात्यावर पडणाऱ्या थेंबांचा क्लोजअप घेतला. क्षितिज नाही, माणूस नाही, परक्या देशातलं झाड नाही. निम्मं काम या निवडीतच झालं.

मग आधी रंगाला हात लावला नाही, काळ्याला लावला. गुऱ्हाळातल्या धुरामुळे माझ्या शॉटमधला सर्वांत गडद भाग वेव्हफॉर्मवर शून्याच्या बराच वर होता, स्टॉकचा मात्र थेट शून्यावर. तो उचलला, तेव्हाच दोन्ही शॉट एका हवेतले वाटले. त्यानंतर हिरव्याची भडक छटा कमी करून ती पिवळ्याकडे वळवली. कडा फार धारदार होत्या, म्हणून किंचित ब्लर दिला. माझा कॅमेरा अंधारात नॉइज देत होता आणि स्टॉक मात्र स्वच्छ होतं. त्यावर तेवढाच ग्रेन घातला नसता, तर तुमचं म्हणणं खरं ठरलं असतं. रंग जुळवून थांबणाऱ्यांची क्लिप उघडी पडते ती इथे.

याला मर्यादा आहेच. फुकटच्या क्लिप बहुधा 8 बिटच्या, आधीच ग्रेड केलेल्या आणि दाबलेल्या असतात. फार ताणल्या की आकाशात पट्टे उमटतात. म्हणून आकाशाची एक छान क्लिप मी सोडून दिली. स्वतःचं फुटेज लॉगमध्ये असेल, तर तेच स्टॉकच्या जवळ न्यावं.

फसवणुकीच्या आरोपावर वाद घालायची इच्छा नाही. तो पाऊस अमुक गावचा आहे, असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

माहितीपटाची लिंक लेखात आहे. स्टॉकची क्लिप कोणत्या सेकंदाला लागते आणि कशावरून ओळखलीत, तेवढं लिहा.