काकांचा पीएफए

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेत. त्यांचा प्रत्येक मेल 'प्लीज फाइंड अटॅच्ड फॉर युवर काइंड परुजल' असा सुरू होतो आणि तिथेच संपतो. खाली नाव, हुद्दा, पत्ता. घाईत असले तर नुसतंच 'पीएफए'. लिफ्टची एएमसी असो की पाणी बंदची नोटीस, फोनवर वरवर दिसणारी ओळ तीच. नळ कोरडा झाला की मग लोक मेल उघडतात.

मध्यंतरी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची कोटेशनं आली. तीन मेल, तीन पीएफए, आणि तिन्ही फायलींचं नाव `Quotation.pdf`. डाउनलोड केल्यावर एकीची झाली `Quotation (1).pdf`, दुसरीची `Quotation (2).pdf`, ज्याने ज्या क्रमाने उघडल्या तशा. मीटिंगमध्ये 'दोन नंबरचं घेऊ' यावर चक्क एकमत झालं. फक्त प्रत्येकाचा दोन नंबर वेगळा होता.

"काका, आत काय आहे ते वरच लिहा ना."

"अहो, उघडलं की कळतंच की!"

"उघडतंय कोण?"

काकांनी चष्मा पुसला आणि नवा मसुदा टाइप केला : 'सोबत महत्त्वाची कागदपत्रे जोडली आहेत, कृपया अवलोकन व्हावे.' म्हणजे पीएफएलाच धोतर नेसवलं. शेवटी कागद समोर ठेवून दोघांनी मिळून लिहिलं :

'गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशनं जोडली आहेत. अ : ब्रिकबॅट कोबा, जीएसटी धरून 2,75,000 रुपये. ब : तेच काम, 2,40,000 रुपये, जीएसटी वेगळा. क : मेम्ब्रेन, भाव चौरस फुटाला, एकूण रक्कम दिलेली नाही. रविवारपर्यंत पसंती कळवा.'

फायलींनाही `A`, `B`, `C` जोडून नावं दिली. 'ब'पाशी काका थबकले. अठरा टक्के धरून कॅल्क्युलेटरवर आकडा आला 2,83,200. सगळे ज्याला स्वस्त म्हणत होते ते 'अ'पेक्षा 8,200 रुपयांनी महाग!

"हे आधी कुणी बोललं नाही ते?"

"तिसऱ्या पानाच्या तळाशी होतं, काका. बारीक अक्षरात."

काकांना मग चेवच चढला. तिन्ही कोटेशनांच्या अटी-शर्तीही मेलमध्ये उतरवू म्हणाले. कसंबसं थोपवलं, अटी फाइलमध्येच राहू देत, वर फक्त कशाचा कागद, कळीचा आकडा आणि आपल्याला काय हवंय एवढं पुरे. जीएसटीची बेरीज तेवढी 'ब'पुढे घातली. काकांनी सवयीने सुरुवातीला 'पीएफए' लिहिलंच. म्हटलं, असू दे, कपाळाला कुंकू.

मेल गेला. रात्रीपर्यंत निम्म्या फ्लॅटांची उत्तरं : 'अ', 'अ', 'अ'. एकाने 'ब'वाल्याशी घासाघीस करायचीही सुचवली. रविवारी खजिनदारांचा फोन आला, त्यांना गॅरंटीची वर्षं बघायची होती, फाइल सापडेना. सापडणार कुठून? काकांनी ती जोडलीच नव्हती. आणि मतं तर सगळी आली होती.